टीटीजी वाढलंय, दुर्बिणीची तपासणी तीन आठवड्यांनी आहे. तोवर चपाती बंद ठेवली तर बिघडेल का?

रेवाची_आई (जुळे सोलापूर), सोमवार रात्री

नमस्कार. मुलगी सहा वर्षांची आहे. दोन वर्षांपासून उंची जवळजवळ अडकली आहे. मागच्या वर्षीचा फ्रॉक अजून होतो, आणि आधी मला त्याचा आनंदच वाटायचा. पोट फुगलेलं, हातपाय काड्या. हिमोग्लोबिन ८.१. चार महिने लोहाचं सिरप नेमाने दिलं, तरी ८.४ च्या पुढे गेलं नाही. शेवटी बालरोगतज्ज्ञांनी गहू सोसतो का ते बघायला रक्ताचं टीटीजी आयजीए करायला सांगितलं. ते ६४ आलं. रिपोर्टवर लिहिलंय की २० च्या आत नॉर्मल. पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने आतड्याचे तुकडे घ्यायचे ठरवलंय, तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

रिपोर्ट आला त्याच दिवशी माझ्या सासूबाईंनी घरातला गव्हाच्या पिठाचा डबा उचलून वर ठेवला. नऊ दिवस झाले, रेवाला फक्त ज्वारीची भाकरी, भात, मुगाचं वरण. आणि खरं सांगते, ती बरी दिसतेय. शी घट्ट होतेय, पोट कमी झालंय, शाळेतून आल्यावर झोपत नाही. सासूबाई म्हणतात, "दिसतंय ना डोळ्यांनी, मग लेकराच्या पोटात नळी कशाला घालायची?" मला उत्तर देता आलं नाही.

डॉक्टरांना फोन केला तर तिथल्या ताईंनी "तारखेला उपाशीपोटी आणा" एवढंच सांगितलं. बायॉप्सी होईपर्यंत चपाती बंद ठेवली तर काही बिघडतं का?

हुरडा_पार्टी (मोहोळ), सोमवार रात्री

ताई, बायॉप्सीच्या भानगडीत पडू नका. लहान मुलांना आता ती लागतच नाही. युरोपातल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ मध्येच सांगितलंय की रक्तावरून निदान करता येतं, २०२० मध्ये परत तेच सांगितलं. माझ्या पुतण्याचं तसंच केलं, पुण्यात. टीटीजी वाढलं म्हणजे सिलिॲक, गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनानं आतडं झिजतं तो आजार. गहू बंद, विषय संपला. आपल्याकडं तर सोपं आहे की ओ, भाकरी घरचीच आहे.

मंगळवेढेकर_काकू, मंगळवार सकाळी

भाकरी उत्तमच, पण रोज पोर खाईल का? खपली गहू आणा. जुना गहू आहे, त्याला ग्लुटेन नसतं, शुगरवाल्यांनाही देतात. आमच्याकडे खीर खपलीचीच होते. मला स्वतःला गव्हाची ॲलर्जी आहे, अंगावर गांधी उठतात, खपलीनं काही होत नाही.

सूक्ष्मदर्शक (सोलापूर), मंगळवार दुपारी

रेवाची आई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: हो, बिघडतं. आजच संध्याकाळी डॉक्टरांशी स्वतः बोला. "नऊ दिवसांपासून गहू बंद केलाय" हे वाक्य त्यांच्या कानावर जायलाच हवं. बहुतेक ते चपाती लगेच पुन्हा सुरू करा म्हणतील आणि दुर्बीण तारखेलाच ठेवतील. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. दुर्बिणीतून काढलेले तुकडे शेवटी माझ्यासारखीच्या टेबलावर येतात, म्हणून काय बिघडतं ते तिकडच्या बाजूने सांगते.

टीटीजीची चाचणी गहू मोजत नाही, आणि आतडं किती खराब झालंय तेही थेट मोजत नाही. रेवाच्या शरीराने स्वतःच्याच एका एन्झाइमविरुद्ध बनवलेली प्रतिद्रव्यं ती मोजते. हे एन्झाइम म्हणजे टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज, आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतं. त्याच्या हाताखालून गेलेलं ग्लुटेन काही माणसांच्या पेशींना शत्रू वाटतं, मग त्या ग्लुटेनवर आणि एन्झाइमवर दोघांवर हल्ला होतो. ग्लुटेन येत राहिलं तरच हा कारखाना चालू राहतो. ते थांबलं की प्रतिद्रव्यं बनणं मंदावतं आणि आकडा आठवड्या-महिन्यांनी उतरत जातो. आतड्यातली जखमही भरत येते, लहान मुलांत तर मोठ्यांपेक्षा लवकर.

म्हणजे चार आठवडे गहू बंद ठेवून रेवाला टेबलावर घेतलं तर आम्हाला दिसेल ते अर्धवट भरलेलं आतडं. त्याचा रिपोर्ट कसा येतो ते माझ्या हातून गेलेल्या अशा स्लाइडवरून सांगते. निरोगी लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे उंचवटे असतात, आम्ही त्यांना विलाय म्हणतो. बोट त्याच्या मुळाशी असलेल्या खाचेच्या तिपटीने तरी उंच असतं. उपचार न घेतलेल्या सिलिॲकमध्ये बोटं झिजून जातात, खाचा खोल होतात आणि पृष्ठभागावरच्या पेशींमध्ये लिंफोसाइट घुसलेले दिसतात, शंभर पेशींमागे पंचवीसपेक्षा जास्त. ही बोटं झिजलेली अवस्था म्हणजे मार्श ३. गहू बंद केला की बोटं आधी उंच होऊ लागतात आणि मागे उरतात ते नुसते वाढलेले लिंफोसाइट. त्याला मार्श १ म्हणतात. आणि मार्श १ मला काहीच सांगत नाही. तो जिआर्डियाने होतो, पोटातल्या हेलिकोबॅक्टर जंतूने होतो, वेदनाशामक गोळ्यांनी होतो. तेव्हा मी लिहिते "सुचवणारे, पण निदान करण्याइतके नाही", आणि तो कागद घेऊन तुम्ही पुन्हा इथेच येता.

हुरडा_पार्टी, तुमच्या पुतण्याचं जे झालं ते बरोबरच असेल, पण नियमाचा निम्मा भाग तुम्ही सांगितलात. युरोपातल्या त्या नियमात बायॉप्सी टाळायची तर टीटीजी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दहापट किंवा जास्त लागतं. शिवाय दुसऱ्या वेळी काढलेल्या रक्तात एंडोमायसियल प्रतिद्रव्यंही सापडावी लागतात. रेवाचं ६४ आहे, मर्यादा २०. हे तिपटीच्या जरासं वर. दहापट म्हणजे २००. आकडा नुसता वाचू नका, मर्यादेच्या किती पट ते बघा, कारण प्रत्येक कंपनीच्या किटची मर्यादा वेगळी. एका लॅबचं ६४ दुसरीकडे वेगळंच भरेल. तिपटीवर बायॉप्सी सोडायला मी कोणालाही सांगणार नाही.

काकू, खपलीबद्दल नाइलाजाने विरोध करते. खपली हा गहूच. ग्लुटेन त्यातही असतं. शुगर सावकाश चढते म्हणून मधुमेहींना देतात, तो वेगळा मुद्दा. सिलिॲकच्या मुलाला खपली दिली तर आतडं झिजतच राहील, अंगावर गांधी उठणार नाहीत, त्यामुळे कळणारही नाही. तुमची ॲलर्जी हा पूर्ण वेगळा आजार, त्याची चाचणीही वेगळी.

रेवाची_आई, मंगळवार रात्री

डॉक्टरांशी बोलले. तुम्ही म्हणालात तसंच. म्हणाले, "आज रात्रीपासून चपाती. दिवसातून दोनदा. तारीख बदलत नाही." आणि विचारलं, "बंद करायला कोणी सांगितलं?" सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. मी नाव घेतलं नाही.

रात्री एक चपाती दिली. तिने खाल्ली आणि अर्ध्या तासाने पोट धरून बसली. मी जेवले नाही. ज्याने दुखतं तेच तिला हाताने भरवायचं, तेही तीन आठवडे. आणि एक विचारते: नऊ दिवसांत ती सुधारली हा पुरावा का नाही धरत? मला खरंच समजून घ्यायचंय.

सूक्ष्मदर्शक, मंगळवार रात्री

कारण गहू बंद केल्यावर बरं वाटणारे सगळेच सिलिॲक नसतात. गव्हात ग्लुटेनशिवाय फ्रुक्टन नावाची साखरेची साखळी असते. ती पचली नाही की पोट फुगतं, शी पातळ होते. ती कमी झाली की आराम मिळतो. जिथे आतडं हळवं आहे तिथे कोणालाही मिळतो. शिवाय त्याच नऊ दिवसांत तुम्ही बिस्किटं, मैद्याचं, बाहेरचंही बंद केलं असेल. मग नेमकं काय उपयोगी पडलं?

फरक यासाठी पडतो की सिलिॲक निघालं तर गहू आयुष्यभर बंद. सहा महिने नाही, चवीपुरताही नाही. वयात आल्यावर ती म्हणेल, "मला काही होत नाही, मी पाव खाल्ला तर काय झालं?" तेव्हा तुमच्या हातात नऊ दिवसांची आठवण असेल की स्लाइडचा रिपोर्ट, हे आत्ता ठरतंय. आणि समजा सिलिॲक नसेलच, तर हिमोग्लोबिन वाढत नाही याचं खरं कारण भाकरीआड दडून राहील.

दुखण्याबद्दल: थोडं थोडं विभागून द्या, सकाळी अर्धी, दुपारी एक. उलट्या थांबेनात, पातळ जुलाब सुरू झाले, मूल मलूल पडलं तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. असं झालं तर तारीख अलीकडे घेण्याचा निर्णय ते घेतील. दुसऱ्या कोणाची तारीख रद्द झाली तर आम्हाला बोलवा, एवढं आत्ताच सांगून ठेवा.

अक्कलकोट_रोड, बुधवार सकाळी

वाचत होतो, राहवलं नाही म्हणून लिहितो. माझं वय चौतीस, यंत्रमागावर काम बघतो. चौदा महिन्यांपूर्वी पोट सारखं फुगायचं, रक्तही कमी. एका मित्राने ग्लुटेन बंद करायला सांगितलं. केलं. महिन्याभरात नवा माणूस झालो. वर्षभराने तपासून घ्यावं म्हणून टीटीजी केलं, नॉर्मल. दुर्बीण केली, तुकडे नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला सिलिॲक नाही असंही म्हणता येत नाही, आहे असंही म्हणता येत नाही." पैसे गेले आणि मी जिथे होतो तिथेच.

मग डॉक्टरांनी एचएलए ही जनुकांची चाचणी सांगितली. डीक्यू २ निघालं. ते आलं म्हणजे सिलिॲकच ना?

सूक्ष्मदर्शक, बुधवार दुपारी

नाही. डीक्यू २ किंवा डीक्यू ८ जगभरात साधारण तीस-चाळीस टक्के लोकांत सापडतात आणि त्यातल्या थोड्यांनाच सिलिॲक होतं. ही चाचणी उलट बाजूने कामाची. दोन्ही नसते तर सिलिॲक जवळपास बाजूला ठेवता आलं असतं, आणि गहू बंद असला तरी तिचा निकाल बदलत नाही, म्हणून डॉक्टरांनी ती योग्यच सांगितली. तुमच्या बाबतीत तिने दार उघडंच ठेवलं.

पुढचा रस्ता एकच उरतो आणि तो कष्टाचा आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गहू पुन्हा खायचा, मग तपासायचं. मध्यम चपातीत, तीस ग्रॅम पिठाची धरली तर, अडीच ते तीन ग्रॅम ग्लुटेन जातं. रोज तेवढं खाऊन दोन आठवड्यांत बऱ्याच जणांच्या आतड्यात बदल दिसू लागतात, पण रक्तातला आकडा त्याच्यामागून येतो. म्हणून सोसत असेल तर सहा ते आठ आठवडे खायला सांगतात. सुरुवात अर्ध्या चपातीने.

अक्कलकोट_रोड, बुधवार रात्री

सहा आठवडे? कामावर उभं राहायचं असतं हो. गेल्या महिन्यात लग्नात चुकून पुरी खाल्ली, दोन दिवस अंथरुणात होतो. आणि माझ्या दोन मुलांची तपासणी करायची का, हे तरी कोणी सांगावं. बापाला आहे की नाही तेच माहीत नाही.

सूक्ष्मदर्शक, गुरुवार सकाळी

तुमच्या दोन्ही मुलांचं टीटीजी मी तरी करून घेईन, रक्ताचा एक नमुना आहे. पण त्यांना विचारा ती गहू खातात का. ही गोष्ट आपल्या भागात फार निसटते. दुसऱ्या गावात "रोजचं जेवण" म्हटलं की चपाती धरतात. आपल्याकडे कितीतरी घरांत दोन वेळा भाकरीच होते आणि चपाती पाहुणा आला तर. अशा घरातलं मूल कोणी न सांगता जवळजवळ ग्लुटेनशिवाय वाढतं. त्याचं टीटीजी नॉर्मल आलं तर त्याचा अर्थ "आजार नाही" असा घेऊ नका, "अजून परीक्षाच झालेली नाही" असा घ्या. चाचणीआधी किमान सहा आठवडे रोज एकापेक्षा जास्त जेवणांत गहू असावा असं धरतात. मी तर नमुना घेणाऱ्या मुलांना सांगून ठेवलंय, फॉर्मवर लिहा: भाकरी की चपाती, आणि किती दिवसांपासून.

हुरडा_पार्टी, गुरुवार दुपारी

दहापटीचा मुद्दा मला माहीत नव्हता. पुतण्याचे कागद काढून बघितले, त्याचं मर्यादेच्या चौदापट होतं. आणि दुसरं रक्तही घेतलं होतं, ते आम्ही विसरून गेलो होतो. ताई, माझं ऐकून तुम्ही तारीख रद्द केली असती तर? माफ करा.

एक शंका राहते. आयजीए कमी असेल तर टीटीजी खोटं नॉर्मल येतं म्हणे?

सूक्ष्मदर्शक, गुरुवार दुपारी

हे बरोबर. ज्यांच्या शरीरात आयजीए या जातीची प्रतिद्रव्यंच बनत नाहीत, त्यांच्या रक्तात टीटीजी आयजीए कुठून सापडणार? म्हणून टीटीजी नॉर्मल आलं की सोबत एकूण आयजीए बघायचं, आणि ते नसल्यासारखं असेल तर आयजीजी या दुसऱ्या जातीवरच्या चाचण्यांकडे वळायचं. रेवाचं वाढलेलंच आहे, म्हणजे तिला आयजीए आहे, तिला हा प्रश्न लागू नाही.

रेवाची_आई, तीन आठवड्यांनी, शनिवार

आज सगळं सांगते. दुर्बीण गुरुवारी झाली. एकवीस दिवस दोन वेळा चपाती, दोनदा शाळेतून आणावं लागलं. पोट परत तसंच झालं होतं. सासूबाईंनी एक दिवस स्वतः बसून भरवलं. "डॉक्टर म्हणतात ना, खा बाई" म्हणाल्या. त्या दिवशी त्यांच्या हातातला घास मला विसरता येत नाही.

भूल दिली, वीस मिनिटांत बाहेर. सहा तुकडे घेतले: चार लहान आतड्याच्या दुसऱ्या भागातून, दोन सुरुवातीच्या फुगीर भागातून. डॉक्टरांनी मला बाटली दाखवली. तांदळाच्या कणीपेक्षा बारीक, पांढुरके. मी विचारलं, सहा कशाला? म्हणाले, आजार सगळीकडे सारखा नसतो, एका ठिकाणचा तुकडा ठीक निघू शकतो.

आज रिपोर्ट आला. मार्श ३ बी. लिंफोसाइट वाढलेले, खाचा लांबलेल्या. सिलिॲक. आज संध्याकाळपासून गहू कायमचा बंद. मी रडले, पण तीन आठवड्यांपूर्वीसारखी नाही.

सूक्ष्मदर्शक ताई, रिपोर्टमध्ये "तुकड्यांची मांडणी समाधानकारक" असं लिहिलंय, ते काय?

सूक्ष्मदर्शक, शनिवार रात्री

त्या एका ओळीवर पुष्कळ अवलंबून असतं. तुकडा गोल वळून फॉर्मलिनमध्ये पडला आणि मेणात आडवा बसला, तर कापताना बोटं तिरपी कापली जातात आणि निरोगी आतडंही आखूड दिसतं. म्हणून काढल्याबरोबर तो फिल्टर पेपरच्या चिटोऱ्यावर आतली बाजू वर करून पसरवतात. तुमच्या डॉक्टरांनी ते केलंय, म्हणून ३ बी वर मला शंका नाही.

आता रेवाचा भाऊ किंवा बहीण असेल तर तिचंही टीटीजी, आणि तुम्हा दोघांचं. तुमच्या घरात आता गहू संपेल, म्हणून ती रक्तं आठवड्याभरात, गहू सुरू असतानाच द्या.

रेवाची_आई, शनिवार रात्री

धाकटा तीन वर्षांचा आहे. आजीकडे असतो, भाकरीच खातो. म्हणजे त्याचं आत्ता करून उपयोग नाही?

सूक्ष्मदर्शक, शनिवार रात्री

लहान आहे, मुद्दाम गहू खाऊ घालून तपासायचं की वाट बघायची, हे तुमच्या बालरोगतज्ज्ञांसोबत ठरवा. मुलांत पाच वर्षांच्या आत मुद्दाम ग्लुटेन सुरू करायला सहसा टाळतात. हवं तर आधी एचएलए. दोन्ही नसतील तर त्याला पुढे वारंवार टोचावं लागणार नाही.

मंगळवेढेकर_काकू, रविवार सकाळी

रेवाला खूप प्रेम. खपलीचं बोलले ते मागे घेते. मालदांडी पाठवू का? आमच्या शेतातली आहे.

रेवाची_आई, रविवार सकाळी

पाठवा काकू. फक्त दळायचं कुठे हे कळेना. आमच्या गल्लीतल्या गिरणीत गहू आणि ज्वारी एकाच जात्यावर निघतात. डॉक्टर म्हणाले, चिमूटभर पीठही नको.

हुरडा_पार्टी, रविवार दुपारी

पुतण्यासाठी आम्ही घरघंटी घेतली, तिच्यात गहू कधीच घातला नाही. तोवर पाच किलो ज्वारी आमच्याकडे द्या, मी दळून आणतो.

अक्कलकोट_रोड, रविवार रात्री

डॉक्टरांशी बोललो. पहिल्या आठवड्यात अर्धी चपाती, मग एक, मग दोन. दोन आठवड्यांनंतर सोसलं नाही तर तेव्हाच दुर्बीण करायची, असं ठरलंय. मालकाला सांगितलं, रात्रपाळी सोडून दिवसपाळी दिली. उद्या सकाळपासून सुरू.